लेखनदिशा

लेखनदिशा : लिपीतील अक्षरे ज्या बाजूने सुरू होऊन ज्या बाजूकडे लिहीत जातात, तो क्रम. देवनागरी व रोमन लिपी डावीकडून उजवीकडे, तर अरबी व हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. या दोन्ही दिशा ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर व अंबरनाथ या शेजारच्या शहरांत एकत्र पाहावयास मिळतात. अंबरनाथ येथील शिवमंदिरात शके ९८२ (इ. स. १०६०) चा संस्कृत शिलालेख असून तो नागरी लिपीत, म्हणजे डावीकडून उजवीकडे, कोरलेला आहे. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसती झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी आपल्याबरोबर आणलेली अरबी-सिंधी लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन परंपरांचा इतिहास लिपीच्या उगमापर्यंत मागे नेता येतो.

चित्रापासून अक्षरापर्यंत : लेखनाचा आरंभ वस्तूंच्या चित्रांपासून झाला, परंतु चित्र म्हणजे लिपी नव्हे. चित्राने वस्तू दाखविता येते, नाव किंवा क्रियापदाचा काळ दाखविता येत नाही. चित्र वस्तूऐवजी तिच्या नावातील ध्वनीसाठी वापरले गेले, तेव्हा ही अडचण दूर झाली. मराठीतील उदाहरण घ्यावयाचे, तर ‘कर’ म्हणजे हात. हाताचे चित्र काढून त्याने सरकारी ‘कर’ सुचविला, तर ते चित्र ध्वनिचिन्ह बनते. प्राचीन सुमेर व ईजिप्तमध्ये या युक्तीचा उपयोग केलेला आढळतो. तथापि तेथे शेकडो चिन्हे शिकावी लागत व लेखनविद्या मुख्यतः व्यावसायिक लेखनिकांच्या हाती राहिली.

यापुढची पायरी सिनाई द्वीपकल्पातील सेराबीत अल्-खादीम येथील लेखांत दिसते. तेथे ईजिप्शियन लोकांच्या पिरोजा खड्याच्या खाणी होत्या. सर फ्लिंडर्झ पीट्री यांना १९०५ मध्ये तेथे काही अपरिचित लेख आढळले. ॲलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये त्यांतील एका पुनरावृत्त चिन्हसमूहाचे ‘बालत्’ (स्वामिनी) हे एका देवतेचे सेमिटिक नाव म्हणून वाचन केले. या वाचनामागील तत्त्व सोपे आहे : चित्राने त्या वस्तूच्या नावातील केवळ पहिला ध्वनी दर्शवावयाचा. सेमिटिक भाषेत घराला ‘बेत’ म्हणत. म्हणून घराच्या आराखड्याचे चित्र ‘ब’ या व्यंजनाचे चिन्ह झाले. अशा रीतीने सु. तीसहून कमी चिन्हांत सर्व व्यंजने लिहिता येऊ लागली.

याच ‘बेत’चा पुढील प्रवास पाहता चित्राचे अक्षर कसे होते, ते स्पष्ट होते. फिनिशियन व ॲरेमाइक लेखनात घराचा आकार ओळखू येईनासा झाला. ॲरेमाइकपासून निघालेल्या नबातीयन लिपीत शीघ्र लेखनामुळे तो आणखी आखूड झाला व ‘ब’, ‘त’, ‘न’ यांची रूपे पुष्कळ ठिकाणी सारखी दिसू लागली. नबातीयनपासून विकसित झालेल्या अरबी लिपीत हा घोटाळा टाळण्यासाठी टिंबांचा अवलंब करण्यात आला : खाली एक टिंब असता ‘ब’, वर दोन असता ‘त’. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारावयाचा आणखी एक ‘ब’ आहे. त्यासाठी त्याच आकाराखाली एकाखाली एक अशी दोन टिंबे देतात.

दिशा कशी ठरली : सर्वांत जुन्या लेखांत दिशा निश्चित नव्हती. ईजिप्शियन चित्रलेख दोन्ही बाजूंनी लिहीत; त्यांतील माणसे व पशुपक्षी ज्या बाजूस तोंड करून असतात, त्या बाजूने वाचनास आरंभ करावयाचा. मात्र त्यांची नेहमीची दिशा उजवीकडून डावीकडे होती व शाईने लिहावयाच्या शीघ्रलिपीत तीच कायम झाली. सिनाईतील लेखांत आडव्या व उभ्या अशा दोन्ही ओळी आढळतात. इ. स. पू. अकराव्या शतकाच्या सुमारास फिनिशियन लिपीत उजवीकडून डावीकडे ही दिशा स्थिर झाली. तिच्या वंशातील ॲरेमाइक, हिब्रू व अरबी या लिपींनी ती पुढे चालविली.

ग्रीकांनी फिनिशियन अक्षरे घेतली, तेव्हा आरंभी दिशाही तीच घेतली. पुढे काही काळ नांगरणीच्या तासांप्रमाणे एक ओळ एकीकडून व पुढची उलट बाजूने, अशी पद्धत होती. ओळ उलटली की अक्षरांची तोंडेही उलटत. इ. स. पू. पाचव्या शतकापर्यंत डावीकडून उजवीकडे ही दिशा रूढ झाली.

उजव्या हातात हातोडा व डाव्या हातात छिन्नी असल्याने दगडावर उजवीकडून कोरणे सोयीचे होते. शाई आल्यावर अक्षरे पुसू नयेत म्हणून डावीकडून लिहिणे आले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते पुराव्याशी जुळत नाही. अशोकाच्या शिलाशासनांपैकी आठव्या व नवव्या लेखांचे खंडित भाग प्राचीन कोकणातील सोपारा (नालासोपारा) येथे सापडले असून ते ब्राह्मी लिपीत, डावीकडून उजवीकडे कोरलेले आहेत. तीच शासने वायव्येकडील शाहबाझगढी येथे खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे कोरलेली आहेत. राजा एक, आशय एक, माध्यमही दगडच; भेद केवळ लिपीच्या परंपरेचा. खरोष्ठी ॲरेमाइकपासून निघाली व तिची दिशाही तिने स्वीकारली. उलट, अरबी व हिब्रू ग्रंथ शतकानुशतके शाईनेच लिहिले गेले. ईजिप्तमध्ये मुळात उजवी बाजू का निवडली गेली, यास निर्णायक पुरावा नाही. एकदा रूढ झालेली दिशा मात्र शिक्षणाबरोबर पिढ्यानपिढ्या चालत राहते.

ब्राह्मीचा उगम वादग्रस्त आहे. गेओर्ख ब्यूलर यांनी तो सेमिटिक लिपीत शोधला. काही विद्वान तो भारतीय मानतात. तिची दिशा सर्वत्र एकसारखी नव्हती. आंध्र प्रदेशातील येर्रगुडी येथील अशोकाच्या लघुशिलालेखात काही ओळी उलट दिशेने कोरलेल्या आहेत. ब्राह्मीपासून पुढे नागरी विकसित झाली.

लिपी वाचता येत नसतानाही तिची दिशा ओळखता येते. सिंधमधील मोहें-जो-दडो येथे सापडलेली सिंधू लिपी अद्याप उलगडलेली नाही. तथापि जागा अपुरी पडल्याने काही लेखांत चिन्हे डाव्या टोकाशी दाटीने आलेली दिसतात. कालिबंगा येथील खापरांवर नंतरच्या चिन्हाची रेघ आधीच्या चिन्हाच्या रेघेला छेदून गेलेली आढळते. यांवरून ती सामान्यतः उजवीकडून डावीकडे लिहीत, असे ठरते.

सिंधीचे उदाहरण : दिशा भाषेची नसून लिपीची असते, हे सिंधीवरून स्पष्ट होते. सिंधी ही संस्कृतोद्भव भारतीय आर्य भाषा आहे. तेथील हिंदू व्यापारी आपले हिशेब ब्राह्मीकुलातील खुदाबादी लिपीत डावीकडून लिहीत. मात्र त्यांत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात असल्याने एका शब्दाची अनेक वाचने संभवत. १८५३ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने ५२ अक्षरांची अरबी-सिंधी वर्णमाला प्रमाण ठरविली. तिच्यातही संख्या मात्र डावीकडून लिहितात. स्वातंत्र्यानंतर भारतात सिंधीसाठी देवनागरीचा पुरस्कार झाला. लवकरच दोन्ही लिपींना मान्यता मिळाली. १९६७ मध्ये सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. देवनागरीत सिंधीतील चार विशेष व्यंजने ग, ज, ड, ब यांखाली आडवी रेघ देऊन दाखवितात.

या बदलाची किंमतही आहे. देवनागरी किंवा रोमन लिपीत शिकलेल्या पिढीस सिंधी बोलता येत असूनही वडीलधाऱ्यांची अरबी-सिंधीतील पत्रे व जुनी पुस्तके बहुधा वाचता येत नाहीत. तो मजकूर देवनागरीत आणावयाचा, तर केवळ दिशा उलटून भागत नाही. अरबी-सिंधीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत; ते भाषा जाणणाऱ्यानेच भरावे लागतात. म्हणून हे लिप्यंतर दोन्ही लिपी वाचणारी माणसे असेपर्यंतच सुकर आहे.