मडक्याची रील: ३० सेकंदांचं निवेदन

बारामती–इंदापूर भागातल्या रीलसाठी नमुना

- आवाज: “मातीत राख आणि लीद मिसळलीय. गोळा चाकाच्या मधोमध बसला, की अंगठा आत.”
 पट्टी: गोळा मधोमध
- आवाज: “एक हात आत, एक बाहेर. माती वर चढते.”
 पट्टी: भिंत उभी राहते
- आवाज: “दोऱ्याने कापलं, पण बूड जाडच. जरा सुकलं, की आत दगड धरून बाहेरून थापीने ठोकायचं.”
 पट्टी: आता गोल होतंय

३० सेकंदांत साधारण ६० शब्द सावकाश बोलता येतात. पट्टीत तीन-चार शब्द पुरेत. गोळा मधोमध नसेल तर काठ डुलताना दिसतो. ठोकण्याचं दृश्य बहुतेक रीलमध्ये गळतं. मडक्याचं गोल बूड मात्र तिथेच घडतं. भाजण्याचंही दृश्य घेतलं, तर भट्टीला ‘आवा’ म्हणावं.