टोस्ट वाळवावा लागतो

घरी केलेल्या केक टोस्टबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: ओव्हनमधून काढले तेव्हा खुसखुशीत होते, दुसऱ्या दिवशी मऊ पडले. दोष बहुतेक वेळा दुसऱ्या भाजणीत असतो. पहिल्या भाजणीत केक शिजतो. दुसरीत त्यातलं पाणी काढायचं असतं, आणि त्याला उष्णतेपेक्षा वेळ जास्त लागतो. आच मोठी ठेवली तर कडा लगेच तांबूस होतात, टोस्ट झाले असं वाटतं, पण मधला ओलावा तसाच राहतो. डब्यात गेल्यावर तोच ओलावा हळूहळू कडांपर्यंत पसरतो.

केक साधाच घ्यावा: 3 अंडी आणि 100 ग्रॅम पिठीसाखर फेसून त्यात 75 ग्रॅम पातळ केलेलं लोणी, 120 ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर आणि वेलचीपूड. लोणी याहून फार वाढवू नये, टोस्ट कुरकुरीत होण्याऐवजी भुसभुशीत होतो. 7 इंची चौकोनी टिनमध्ये 170 अंशांवर साधारण अर्धा तास भाजा. मग पूर्ण गार करून रात्रभर झाकून ठेवा. ताजा केक सुरीखाली चुरतो. शिळा झाला की घट्ट होतो आणि सरळ कापला जातो.

सकाळी दातेरी सुरीने दीड सेंटीमीटर जाडीचे काप करा. सगळे एकाच जाडीचे हवेत, नाहीतर पातळ करपतात आणि जाड कच्चे राहतात. ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडा, 140 अंशांवर 25 मिनिटं ठेवा, उलटा, आणखी 20 मिनिटं. नंतर ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि अर्धा तास काप आतच राहू द्या. राहिलेली वाफ या वेळात निघून जाते.

गरम टोस्ट दाबून पाहून काही कळत नाही, कारण त्यातली साखर अजून मऊ असते. एक काप पूर्ण गार करून मधोमध मोडा. कट् आवाज करत तुटला तर झाला. वाकला किंवा मधे दमट लागला तर 120 अंशांवर अजून 10 मिनिटं. मला त्याहून भरवशाचा वाटतो तो वजनकाटा. 400 ग्रॅम काप ट्रेमध्ये गेले असतील, तर वाळल्यावर ते 310-320 ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत.

ब्रेडचे टोस्टही असेच होतात, फक्त पावात पाणी जास्त असल्याने वेळ थोडा वाढतो. कालचा, किंचित गोड पाव घ्यावा.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यातलेही टोस्ट सादळतात. पुन्हा 120 अंशांवर 8-10 मिनिटं ठेवून गार केले की पूर्ववत होतात.