रुपया घसरतो, दरड कोसळते

पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दरड कोसळते, रस्ता खचतो आणि किल्ल्याचा बुरूज ढासळतो. तिन्ही ठिकाणी काहीतरी खालीच आलेले असते, तरी क्रियापदांची अदलाबदल चालत नाही. दरड उंचावरून एकदम खाली येते, म्हणून ती कोसळते. रस्त्याखालची माती निघून जाते आणि तो जागच्या जागी खाली बसतो, म्हणून तो खचतो. बुरुजाचे रचलेले दगड सुटत जातात, म्हणून तो ढासळतो. रचलेल्या गोष्टीचा असा ऱ्हास दाखवायचा असतो, म्हणूनच प्रकृती आणि कायदा-सुव्यवस्थाही ढासळते.

पैशांच्या बातम्यांत उतार महत्त्वाचा असतो. रुपया घसरतो, कारण घसरलेली वस्तू सावरू शकते. मंडईत आवक वाढली की कांद्याचे भाव गडगडतात. गडगडण्यात वेग आहे आणि मध्ये कुठे अडत नाही हेही आहे. डिसेंबर २०२०मध्ये ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, तेव्हा ‘डाव गडगडला’ हेच नेमके होते. एकापाठोपाठ एक गडी बाद होत गेले होते.

खरी अडचण शेअर बाजाराची. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी खाली आला. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आल्यानंतर, तो अवघ्या ५७० अंकांनी खाली आला होता. मथळ्यात पहिला आकडा भयंकर दिसतो. पण २०२४मध्ये निर्देशांक ७६ हजारांवर होता, म्हणून ती घट पावणेसहा टक्क्यांच्या आसपास होती. १९९२ची घट जवळपास पावणेतेरा टक्क्यांची होती. दोन्ही दिवशी बाजार कोसळलाच. मात्र त्याच मोजमापाने आजच्या बाजारात पाचशे अंकांची घट एक टक्क्याच्याही आत राहते. तिथे ‘किंचित घसरला’ पुरते. ‘कोसळला’ वाचून गुंतवणूकदाराने घाबरून शेअर विकले, तर तोटा त्याचा होतो. म्हणून क्रियापद अंकांवरून नव्हे, टक्क्यांवरून ठरवावे.

राजकारणात प्रश्न वेगाचा नसतो, कर्त्याचा असतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने विश्वासमत हरले. ‘सरकार पडले’ म्हटले की एवढी घटनाच कळते. ‘कोसळले’ म्हटले की ते आतून पोकळ झाले होते, असे सुचते. ‘पाडले’ म्हणताच कोणी, हा प्रश्न येतो. तेव्हा जयललितांच्या अण्णाद्रमुकने पाठिंबा काढून घेतला होता, त्यामुळे तो शब्द वापरणाऱ्याकडे उत्तर तयार होते. मथळ्यात ‘पाडले’ आहे आणि खालच्या मजकुरात पाडणाऱ्याचा पत्ता नाही, असे दिसले तर तो शब्द बातमीचा नाही, बातमीदाराच्या मताचा आहे.