बोनस लिटरवर की बिलावर?

दूध संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी बोनसचा आकडा जाहीर केला, की टाळ्या पडतात आणि मंडळी चहाकडे वळतात. इतिवृत्तात मात्र त्या आकड्याइतकाच त्याच्या पुढचा शब्द महत्त्वाचा असतो: बोनस ‘प्रति लिटर’ आहे, की ‘दूध बिलाच्या टक्क्यांत’?

समजा, संस्थेने वर्षभरात ३ लाख लिटर दूध घेतले आणि सभासदांना १ कोटी २० लाख रुपये बिल दिले. वाटायला ३ लाख ६० हजार आहेत. लिटरमागे वाटले तर १ रुपया २० पैसे, बिलावर वाटले तर ३ टक्के. रक्कम तीच, पण वाटणी बदलते. गायीचे २,००० लिटर दूध सरासरी ३२ रुपयांनी घालणाऱ्याचे बिल ६४ हजार, तर म्हशीचे तेवढेच दूध ५२ रुपयांनी घालणाऱ्याचे १ लाख ४ हजार. लिटरच्या हिशेबाने दोघांनाही २,४०० रुपये. टक्क्याच्या हिशेबाने गायवाल्याला १,९२० आणि म्हैसवाल्याला ३,१२०. म्हणून ठरावात ‘सर्वांना योग्य बोनस द्यावा’ एवढेच लिहिले असेल, तर तो ठराव अर्धवट आहे.

लाभांश वेगळा. तो भागभांडवलावर मिळतो आणि राज्याच्या सहकार कायद्याने त्याला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हजार रुपयांचे शेअर असतील, तर जास्तीत जास्त दीडशे रुपये. दूध घालणाऱ्याचा खरा वाटा बोनसमध्ये असतो.

दराची नोंदही नुसती ‘म्हैस ५२ रुपये’ अशी नको. तो दर कोणत्या फॅट आणि एसएनएफला, हे हवे. म्हशीच्या दुधाचा दर साधारणपणे ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून सांगतात. फॅट घसरली की दर उतरतो. त्यामुळे सभेत हमखास प्रश्न येतो, “माझी फॅट कमी का लागते?” उत्तरादाखल चारा आणि पशुखाद्यावर बोलणे होते. ते खरेही असते, पण त्याने यंत्राची शंका फिटत नाही. इथे विचारायचे ते असे: गावात सभासदांच्या नोंदींवरून निघालेली महिन्याची सरासरी फॅट किती, आणि संघाने त्याच दुधाला लावलेली फॅट किती? गाय-म्हैस वेगळी धरून हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. संघाची फॅट महिनोन्महिने जास्तच येत असेल, तर सभासदांना कमी फॅटचा दर मिळतो आणि संस्थेला जास्तीचा. हा फरक नफ्यात जमा होतो आणि दिवाळीला बोनस म्हणून त्यातला काही भाग परत येतो. उलट संघाची फॅट कमी येत असेल, तर तोटा संस्था सोसते आणि बोनस आटतो.

‘सभासदांच्या शंकांचे निरसन करण्यात आले’ या एका ओळीत हे सगळे गडप होते. प्रश्न सभेआधी लेखी देऊन पोच घ्यावी, आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम होताना तो प्रश्न उत्तरासह आला आहे का, हे ऐकावे. नसेल, तर दुरुस्ती तिथेच सुचवता येते.