भाज्यांची नावं कोणत्या खात्यात?

‘एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या भाज्यांची नावं सांगा.’ अमेरिकेतल्या अल्झायमर संशोधन केंद्रांनी २००५ पासून सर्वांसाठी एकच चाचणी-संच वापरायला सुरुवात केली, त्यातली ही एक चाचणी. त्या संचात आणखीही होत्या: गोष्ट ऐकून लगेच सांगणं, तीच गोष्ट काही वेळानं पुन्हा सांगणं, आकडे सरळ आणि उलटे म्हणणं, चित्रांतल्या वस्तू ओळखणं, प्राण्यांची नावं सांगणं, कागदावरचे विखुरलेले आकडे रेघेनं क्रमानं जोडणं, मग आकडा-अक्षर असं आलटून पालटून जोडणं आणि ९० सेकंदांत अंकांखाली ठरलेली चिन्हं भरणं. एकूण दहा गुण हाती येत. पण दहा गुण म्हणजे दहा वेगळ्या क्षमता नव्हेत. मग किती? हे ठरवायला घटक विश्लेषण वापरतात.

आधी दोन-दोन चाचण्यांचा सहसंबंध काढतात, म्हणजे एकीत वरचढ असणारी माणसं दुसरीतही किती प्रमाणात वरचढ असतात ते पाहतात. दहा चाचण्यांच्या अशा ४५ जोड्या होतात. पण त्याआधी एक काम न विसरता करावं लागतं. आकडे जोडण्याच्या चाचणीत गुण म्हणजे लागलेले सेकंद, त्यामुळे मोठा आकडा वाईट असतो. त्याची दिशा उलटवली नाही, तर पुढच्या तक्त्यात चिन्हं उलटी येतात आणि वाचणारा गोंधळतो.

या ४५ आकड्यांमागे मोजकेच न दिसणारे घटक आहेत असं गृहीत धरून प्रत्येक चाचणीचा प्रत्येक घटकावरचा ‘भार’ काढला जातो. कॅथलीन हेडन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच संचाची चार घटकांची मांडणी तपासली. गोष्टीचे दोन्ही गुण स्मृतीत, चित्रं ओळखणं आणि प्राणी-भाज्यांची नावं भाषेत, आकडे म्हणणं अवधानात. रेघा जोडणं आणि चिन्हं भरणं चौथ्या गटात. या गटाला त्यांनी कार्यकारी क्षमता म्हटलं, तर इतर कित्येकजण त्याला वेग म्हणतात. गणित फक्त भार देतं, नाव माणसं ठेवतात. म्हणून अहवालात ‘वेग’ वाचलं की त्यात कोणत्या चाचण्या घातल्या आहेत ते आधी पाहावं.

आता पुन्हा भाज्यांकडे. ही चाचणी शब्दांची आहे, पण घड्याळ लावून घेतलेली. समजा, तिचा भाषेवरचा भार ०.७ आहे, चिन्हं भरण्याचा वेगावरचा भार ०.८ आहे, आणि भाषा व वेग यांच्यातला सहसंबंध ०.६ आहे. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) मांडणी बरोबर असेल, तर या दोन चाचण्यांमधला सहसंबंध ०.७ × ०.८ × ०.६, म्हणजे सुमारे ०.३४ यायला हवा. प्रत्यक्ष माणसांच्या गुणांत तो ०.५० निघाला, तर ०.१६ एवढं नातं मांडणीत बसलेलं नाही. भाज्यांच्या चाचणीत भाषेखेरीज वेगही मोजला जातोय, असा संशय त्यातून येतो. अशा वेळी चाचणीला दोन्ही घटकांवर भार घेऊ देऊन पाहतात. तेवढ्यानं ही तफावत मिटली आणि नव्या माणसांवरही तेच दिसलं, तर बदल मान्य करता येतो. एकाच गटाच्या आकड्यांवर मांडणी ताणत बसलं, तर योगायोगही नियम वाटू लागतात.

माझ्या मते हा तांत्रिक तपशील नाही. ज्या आजोबांचं सगळंच संथ झालंय पण शब्द शाबूत आहेत, त्यांचा ‘भाषा’ गुण केवळ मिनिट संपल्यामुळे घसरू शकतो. घड्याळाचा दबाव फारसा नसलेल्या चित्रांच्या चाचणीत ते ठीक असतील, तर दोन्ही गुण वेगवेगळे पाहिले पाहिजेत, सरासरीत मिसळून टाकता कामा नयेत.

त्या संचातल्या स्मृतीच्या गटाचं दुखणं वेगळं होतं. तिथे दोनच गुण होते आणि तेही एकाच गोष्टीचे. गोष्ट ऐकताना लक्ष उडालं, कानाला नीट आलं नाही, तर दोन्ही गुण एकदमच पडतात. त्यांचा घट्ट सहसंबंध काही अंशी त्या एका गोष्टीचा असतो, सगळा स्मृतीचा नसतो. शब्दांची यादी किंवा आकृती आठवायला लावणारी आणखी एक चाचणी संचात असेल, तरच हे दोन वेगळे करता येतात.

आणि गुण कोणाचे घेतले? निरोगी आणि गंभीर डिमेन्शियाची माणसं एकत्र केली, की आजाराची तीव्रताच सगळे गुण एकत्र वरखाली करते. सहसंबंध फुगतात, घटक एकमेकांत मिसळतात आणि सगळं एकाच क्षमतेचं वाटू लागतं. म्हणूनच हेडन यांच्या अभ्यासात डिमेन्शिया असलेले आणि नसलेले गट वेगळे धरून, काळानुसारही, मांडणी टिकते का हे तपासलं गेलं. भार दोन गटांत सारखे नसतील, तर त्या गटांची ‘भाषा’ एकाच मापानं मोजलेली नसते आणि त्यांच्या गुणांची तुलनाही करता येत नाही.