बाकी जुळते, तरी पैसा जातो

कीटकनाशकांचा ठोक धंदा उधारीवर उभा असतो. खरिपाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, माल दुकानदाराच्या गोदामात जाऊन पडतो. त्याचे पैसे शेतकऱ्याचा कापूस किंवा सोयाबीन विकलं गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे सुटतात. पाऊस लांबला किंवा कीड आलीच नाही, तर न खपलेली खोकी परत येतात. एखाद्या दुकानदाराचं बस्तान विस्कटलं, तर त्याची बाकी बुडते. म्हणून अशा धंद्यात तीन निर्णय सतत घ्यावे लागतात: कोणाला किती उधार द्यायचं, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट कधी द्यायची आणि कोणती बाकी बुडाली म्हणून खात्यातून काढून टाकायची.

हे तीन निर्णय बहुतेक कंपन्यांत तीन टेबलांवर होतात. उधारीची मर्यादा हिशेब विभागाकडे, परत माल गोदामाकडे आणि बुडीत बाकीची मंजुरी संचालकांकडे. अंतर्गत हिशेबतपासनीसही ते तीन स्वतंत्र विषय म्हणून तपासतो. प्रत्येकातली काही कागदपत्रं उचलतो, सही आहे का बघतो, सही असते, आणि शेरा पडतो की पद्धत समाधानकारक आहे. या तपासणीचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा एकाच खात्यातून तिन्ही वाटांनी जातो, त्यामुळे तपासणीही एक दुकानदार धरून, त्याच्या खात्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करायला हवी.

उदाहरणासाठी पुण्याची एक वितरक कंपनी आणि यवतमाळ जिल्ह्यातला एक दुकानदार घेऊ. दोघंही काल्पनिक आहेत, पण यातली प्रत्येक युक्ती प्रत्यक्षात वापरली जाते. दुकानदाराची मर्यादा ५ लाख रुपये आहे आणि फेब्रुवारीअखेर त्याच्याकडे ४ लाख ६० हजार येणं आहे. २८ मार्चला त्याच्या नावावर आणखी साडेतीन लाखांचं बिल फाडलं जातं. संगणकाने ते अडवायला हवं होतं, कारण बाकी ८ लाख १० हजारांवर जाणार होती. त्याने अडवलं नाही, कारण त्याच संध्याकाळी कोणीतरी खात्यातली मर्यादा साडेआठ लाख केली होती. १५ एप्रिलला ३ लाख २० हजारांचा माल परत आला आणि मर्यादा पुन्हा ५ लाख झाली.

मर्यादांची यादी मागवणाऱ्या तपासनीसाला यात काहीच दिसणार नाही. यादीत ५ लाख आहेत, बाकी ४ लाख ९० हजार आहे, सगळं मर्यादेत आहे. दिसतं ते बदलांच्या नोंदीत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीत हिला एडिट लॉग म्हणतात. मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा या काळात कोणाकोणाच्या मर्यादा वर गेल्या आणि खाली आल्या, ते नोंदीतून काढावं. मग त्या दुकानदारांना मार्चमध्ये झालेली विक्री आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडून परत आलेला माल शेजारी शेजारी मांडावा. विक्री अधिकाऱ्याचं वर्षाचं उद्दिष्ट मार्चमध्येच पुरं झालेलं असतं आणि त्यावरचा भत्ताही निघालेला असतो. न झालेली विक्री ताळेबंदात गेलेली असते. मर्यादा कोणी वाढवली याइतकंच त्या व्यक्तीचा भत्ता विक्रीवर अवलंबून आहे का, हेही विचारलं पाहिजे. माल विकणाऱ्याच्या हाती मर्यादेची किल्ली असू नये. दुकानदाराने मागच्या हंगामाचे पैसे कधी दिले, त्याचे किती चेक परत गेले, हे बघून मर्यादा दुसऱ्याच माणसाने ठरवावी. हंगामापुरती वाढ द्यायची असेल तर ती संपण्याची तारीख कागदावर असावी.

इथवर झाली ती आकड्यांची फुगवाफुगवी. पैसा अजून गेलेला नाही. तो जूनमध्ये जातो.

जूनमध्ये दुकानदार विक्री प्रतिनिधीच्या हातात १ लाख ८० हजार रोख देतो. प्रतिनिधी ते कंपनीत भरत नाही. आता कंपनीच्या वहीत बाकी ४ लाख ९० हजार आहे आणि दुकानदाराच्या वहीत ३ लाख १० हजार. हा फरक कधीतरी बोंबलणार, म्हणून तो बुजवायला हवा. सप्टेंबरमध्ये त्या खात्यावर दोन क्रेडिट नोटा पडतात, एक ९५ हजारांची आणि एक ८५ हजारांची. कारण लिहिलेलं असतं: मुदत संपलेला आणि गळका माल परत. विभागीय व्यवस्थापकाला एका नोटेसाठी १ लाखापर्यंत मंजुरी देण्याचा अधिकार आहे, म्हणून दोन नोटा.

दोन्ही वह्यांत आता ३ लाख १० हजारच बाकी आहे. वर्षअखेरीला तपासनीस दुकानदाराला पत्र पाठवतो, आमच्या हिशेबाने तुमच्याकडे ३ लाख १० हजार येणं आहे, बरोबर ना? दुकानदार बरोबर म्हणून सही-शिक्का मारून देतो. खोटं कोणीच बोललेलं नाही. म्हणूनच केवळ बाकी जुळवून घेण्यावर विसंबणारा तपासनीस इथे हमखास फसतो. त्याने दुकानदाराकडून वर्षभराचा पूर्ण खातेउतारा मागवायला हवा. कंपनीच्या वहीत जिथे सप्टेंबरमध्ये माल परत असं आहे, तिथे दुकानदाराच्या वहीत जूनमध्ये रोख दिले असं आहे. रक्कम तीच, पण तारीख आणि कारण वेगळं.

क्रेडिट नोट खरी आहे का, हे ताडायचे आणखी मार्ग आहेत आणि कीटकनाशकांत ते विशेष पक्के आहेत. प्रत्येक बाटलीवर बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. परत आलेल्या मालाचा बॅच क्रमांक त्या दुकानदाराला पाठवलेल्या बिलांतला असला पाहिजे. नोटेवर बॅच क्रमांकच नसेल, किंवा त्या बॅचचा माल त्याच्याकडे कधी गेलाच नसेल, तर तिथे थांबून खोलात जावं. पुढे गोदामाच्या फाटकावरची आवक नोंदवही बघावी. खोकी आली असतील तर गाडी आली असेल, गाडीचा क्रमांक आणि मालवाहतुकीची पावती असेल. माल मुदत संपलेला असेल तर तो नष्ट केल्याचा कागद हवा, कारण कीटकनाशक कचराकुंडीत टाकता येत नाही. खोट्या परतीत नेमकी हीच वाट वापरतात: माल आला आणि लगेच नष्ट केला असं लिहिलं, की साठ्याच्या मोजणीत काही कमी पडत नाही.

सर्वांत बोलकी खूण जीएसटीची. मालाची खरी परत असेल तर कंपनी जीएसटीसह क्रेडिट नोट देते, कारण भरलेला कर तिला कमी करून घ्यायचा असतो. त्यासाठी विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. आपल्या उदाहरणातला माल मार्चपर्यंतचा आणि नोटा सप्टेंबरच्या, म्हणजे मुदत शिल्लक होती. तरीही दोन्ही नोटा जीएसटीविना काढल्या होत्या. असं का? जीएसटीसह नोट काढली असती तर ती पोर्टलवर दुकानदाराला दिसली असती, त्याला तेवढा कर परत करावा लागला असता आणि त्याने लगेच फोन करून विचारलं असतं की मी माल कधी परत केला. मुदत असताना जीएसटीविना निघालेल्या परत मालाच्या नोटांची यादी काढणं हे तासाभराचं काम आहे, आणि माझ्या मते तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. प्रत्येक अशी नोट खोटी नसते. भावफरक किंवा योजनेची सूट अशीच दिली जाते. पण मग तिच्यावर माल परत असं कारण असायला नको.

डिसेंबरमध्ये दुकानदार त्याच प्रतिनिधीला आणखी दीड लाख रोख देतो, आणि तेही कंपनीत पोचत नाहीत. उरलेले १ लाख ६० हजार तो अडवून धरतो, कारण कंपनीने हंगामात कबूल केलेली सूट त्याला मिळालेली नाही. पुढच्या मार्चमध्ये संचालकांपुढे एक पान येतं: दुकान बंद, मालकाचा ठावठिकाणा नाही, ३ लाख १० हजार बुडीत धरावेत. पानावर चार सह्या असतात. पहिली प्रतिनिधीची आणि बाकीच्या तीन त्याच्या सहीच्या भरवशावर केलेल्या.

आयकराच्या दृष्टीने बाकी बुडीत दाखवणं सोपं झालं आहे. वसुली अशक्य झाली हे सिद्ध करायची गरज नाही, वहीतून ती काढली की पुरे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या निकालात स्पष्ट केलं. आयकर खातं फार खोदत नाही म्हणून कंपनीनेही खोदायचं नाही, अशी सवय त्यातून लागते. प्रत्यक्षात नुकसान मोठं असतं. कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे. ३ लाख १० हजारांत सुमारे ४७ हजार रुपये कराचे आहेत, ते कंपनीने सरकारला आधीच भरलेत, आणि गिऱ्हाईकाने पैसे बुडवले म्हणून ते परत मिळत नाहीत.

या एका पानाची तपासणी टेबलावर बसूनही करता येते. जीएसटीच्या पोर्टलवर दुकानदाराचा क्रमांक टाकला की त्याची नोंदणी चालू आहे की रद्द, आणि अलीकडची विवरणपत्रं भरली आहेत का, हे कोणालाही दिसतं. ज्याचा ठावठिकाणा नाही असं लिहिलं आहे, तो मागच्याच महिन्याचं विवरणपत्र भरत असेल तर फाइल परत पाठवावी. मग वसुलीशी संबंध नसलेल्या माणसाने त्याला फोन करावा आणि खातेउतारा मागवावा. तो आला की दीड लाखांची रोख आणि सुटीचं भांडण दोन्ही उघड होतात. बुडालेली रक्कम शून्य निघते: निम्मी चोरी आणि निम्मा न मिटवलेला दावा.

तीनच माणसं असलेल्या लहान फर्ममध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा माणूस ठेवणं जमत नाही. तिथे मालकाने दर महिन्याला दुकानदारांचे खातेउतारे स्वतःच्या मोबाइलवरून थेट त्यांना पाठवावेत, प्रतिनिधीच्या हाती देऊ नयेत. दुकानदार आणि प्रतिनिधी यांचं संगनमत असेल तर मात्र खातेउतारेही जुळतात, आणि मग बॅच क्रमांक व फाटकावरची वही एवढाच आधार उरतो.

खरोखर बुडालेली बाकी वहीतून काढली तरी तिची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. उधारीचा दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांत लावता येतो, आणि कधीकधी दुकानदार दोन वर्षांनी स्वतःहून पैसे आणून देतो. त्या वेळी खात्यावर काहीच येणं दिसत नसतं, त्यामुळे ती रक्कम कोणी खिशात घातली तरी एकही आकडा चुकत नाही. बुडीत ठरवलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यानंतर वर्षातून एकदा तरी मुख्य कार्यालयातून फोन झाला का, हे त्या नोंदवहीत तारखेसह असावं.