‘महाग आहे’ म्हणजे नेमकं काय?

येवल्याच्या एका दुकानात हातमागाची पैठणी उलगडलेली असते. किंमत अठरा हजार. गिऱ्हाईक म्हणतं, “फार महाग आहे हो.” इथे लगेच “सोळाला घ्या” म्हटलं, की तिला वाटतं, पहिला भाव फुगवलेलाच होता, मग ती चौदा मागते.

त्याऐवजी दुकानदाराने क्षणभर थांबून विचारावं, “ताई, कशाच्या मानाने महाग वाटतेय?” उत्तर येतं, “बाजूला अशीच सहा हजारांना आहे.” म्हणजे अडचण पैशांची नाही, तुलनेची आहे. आता पदर उलटा करून दाखवावा. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने गुंफलेला असतो. यंत्रमागाच्या स्वस्त साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हे तिला स्वतः बोटाने चाचपू द्यावं, आणि मग गप्प राहावं. ही शांतता विक्रेत्याला जड जाते. बहुतेक सूट तिथेच तोंडून निसटते.

“बजेटच बारा हजारांचं आहे,” असं ती म्हणाली, तर मात्र समजावत बसू नये. कमी बुट्ट्यांची, साध्या पदराची हातमागाचीच साडी काढावी. भाव उतरतो तो काम कमी झाल्यामुळे.